धुऱ्याला लागून दोन बगिचे, दोन बोअर: कैद्यांचा पेच आकड्यांसह सोडवताना

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरात कैद्यांच्या पेचावर, म्हणजे प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणा निर्णय घेऊनही दोघांचे नुकसान होते अशा खेळावर, प्रश्न आला की बहुतेक उत्तरांत दोन कैदी, चार खाने आणि पाठ केलेला निष्कर्ष एवढेच उतरते. खान्यांतले आकडे कुठून आले आणि ते थोडे बदलले तर उत्तर कसे फिरते, हा भाग मात्र कोराच राहतो. म्हणून या लेखात आकडे तयार न घेता ते उभे करण्यापासून सुरुवात केली आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण वरूड-मोर्शी पट्ट्यातले आहे. या भागात संत्र्याच्या ओलितासाठी भूजलाचा इतका उपसा झाला आहे की त्यातली काही पाणलोट क्षेत्रे अतिशोषित गटात मोडतात.

खेळाडू कोण आणि त्यांच्यापुढे पर्याय कोणते

एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना संत्र्याचे दोन बगिचे आहेत असे समजू. त्यांच्या मालकांना आपण अलीकडचा आणि पलीकडचा म्हणू. दोघेही आंबिया बहार घेतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि फळ लहान असतानाच एप्रिल-मे महिन्यांचे ऊन त्याला काढावे लागते. या दोन महिन्यांत पाणी कमी पडले की फळगळ होते. दोघांच्या जुन्या विहिरी एकाच भूजलावर आहेत, आणि प्रत्येकापुढे दोनच पर्याय आहेत: आहे त्या विहिरीवर भागवणे, किंवा पाचशे फुटांचा बोअर मारणे.

येथे तीन गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात आणि उत्तरपत्रिकेतही त्या आधी लिहाव्यात. खेळाडू किती, हे पहिले. प्रत्येकाचे पर्याय कोणते, हे दुसरे. दोघे आपला निर्णय एकमेकांचा निर्णय कळण्याआधी घेतात की नंतर, हे तिसरे. आपल्या उदाहरणात दोघे एकाच वेळी निर्णय घेतात असे धरू. याचा अर्थ दोघांनी घड्याळ लावून एकाच मिनिटाला गाडी बोलवावी असा नाही. शेजाऱ्याने काय ठरवले हे आपला निर्णय पक्का करताना माहीत नसले, एवढे पुरे आहे. बोअरच्या बाबतीत हे गृहीतक फारसे ओढूनताणून आणलेले नाही, कारण रिगची गाडी पुष्कळदा रात्रीच शेतात लागते आणि सकाळी धुऱ्यावर पसरलेला दगडाचा पांढुरका चिखल पाहूनच शेजाऱ्याला बातमी कळते.

चार परिणामांचे आकडे उभे करणे

दोन खेळाडू आणि प्रत्येकी दोन पर्याय असल्यामुळे चारच परिणाम संभवतात. प्रत्येक परिणामात प्रत्येकाच्या हाती वर्षाला काय पडते ते काढायचे आहे. खालील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, परंतु त्यांच्यातला संबंध खऱ्या व्यवहारासारखा ठेवला आहे.

भूजलात उन्हाळ्यात जेवढे पाणी आहे तेवढ्यावर दोन्ही बगिचे मिळून, इतर खर्च वजा जाता, सहा लाख रुपये मिळवून देतात असे धरू, आणि ज्याला जितके पाणी मिळेल त्या प्रमाणात त्याचे उत्पन्न असते असेही धरू. दोघे विहिरीवर थांबले तर पाणी निम्मे-निम्मे होते आणि प्रत्येकाला तीन लाख मिळतात. एकानेच बोअर मारला तर पाण्याची पातळी त्याच्या बाजूने खाली ओढली जाते, शेजाऱ्याची विहीर दुपारीच तळ दाखवू लागते, आणि पाण्याचे तीन-चतुर्थांश बोअरवाल्याकडे व एक-चतुर्थांश विहिरीवाल्याकडे जाते. म्हणजे खर्चाआधी बोअरवाल्याचे साडेचार लाख आणि विहिरीवाल्याचे दीड लाख. दोघांनीही बोअर मारले तर दोघेही सारख्याच खोलीवरून ओढतात, म्हणून वाटणी पुन्हा निम्मी होते.

आता बोअरचा खर्च पाहू. खोदाई, केसिंग, पाण्यातली मोटर, पाइप आणि केबल मिळून 2,40,000 रुपये लागतात आणि हा बोअर सहा वर्षे चालतो असे मानले, तर व्याज सोडून वर्षाला 40,000 रुपये पडतात. त्यात मोटरचे वाइंडिंग, स्टार्टरची दुरुस्ती आणि वीज यांचे 20,000 मिळवले की वर्षाचा भार 60,000 होतो.

येथे विद्यार्थ्यांची पहिली चूक होते. ते एका खान्यात वर्षाचे उत्पन्न आणि त्याच खान्यात बोअरचा पूर्ण 2,40,000 रुपयांचा खर्च टाकतात. उत्पन्न वर्षाचे असेल तर खर्चही वर्षाचाच घ्यावा लागतो, नाहीतर बोअर उगाचच तोट्याचा दिसतो आणि पुढचे सगळे गणित चुकते.

सर्व आकडे हजार रुपयांत लिहिले की ते असे होतात. दोघे विहिरीवर: प्रत्येकी 300. एकटा बोअरवाला: 450 वजा 60, म्हणजे 390, आणि त्याचा शेजारी 150. दोघे बोअरवर: 300 वजा 60, म्हणजे प्रत्येकी 240.

सारणी मांडणे

हे आकडे ज्या चौकटीत बसतात तिला लाभ-सारणी किंवा पेऑफ मॅट्रिक्स म्हणतात. आडव्या ओळी अलीकडच्याच्या पर्यायांच्या आणि उभे स्तंभ पलीकडच्याच्या पर्यायांचे ठेवू. प्रत्येक खान्यात दोन आकडे येतात. पहिला आकडा ओळीच्या मालकाचा, म्हणजे अलीकडच्याचा, आणि दुसरा स्तंभाच्या मालकाचा, म्हणजे पलीकडच्याचा. हा क्रम सारणीखाली एका वाक्यात लिहून ठेवावा, कारण तो मध्येच उलटला तर तपासणाऱ्याला चूक कुठे झाली हेही कळत नाही.

| अलीकडचा ↓ / पलीकडचा → | विहीर | बोअर |
|---|---|---|
| विहीर | 300, 300 | 150, 390 |
| बोअर | 390, 150 | 240, 240 |

सारणी बरोबर उतरली की नाही हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही खेळाडूंची परिस्थिती अगदी सारखी असेल, तर डावीकडे वरच्या आणि उजवीकडे खालच्या खान्यातले दोन्ही आकडे आपसांत समान असले पाहिजेत, आणि उरलेले दोन खाने एकमेकांचे उलटे प्रतिबिंब असले पाहिजेत. आपल्या सारणीत तसे आहे. एकाची जमीन खोल काळी आणि दुसऱ्याची बरड असती तर ही समानता मोडली असती, आणि त्यात काही चूक नसते, परंतु मग दोघांची तुलना वेगवेगळी करावी लागली असती.

वरचढ डावपेच शोधणे

आता अलीकडच्याच्या जागी उभे राहू. पलीकडचा काय करणार हे त्याला माहीत नाही, म्हणून तो दोन्ही शक्यता स्वतंत्रपणे तपासतो. पलीकडचा विहिरीवर थांबला असे मानले तर फक्त पहिला स्तंभ पाहायचा आणि त्यातले पहिले आकडे वरून खाली तोलायचे: विहिरीवर 300, बोअरवर 390. बोअर चांगला. पलीकडच्याने बोअर मारला असे मानले तर दुसरा स्तंभ: विहिरीवर 150, बोअरवर 240. पुन्हा बोअरच चांगला. समोरचा काहीही करो, एकच पर्याय आपल्याला जास्त देत असेल तर त्या पर्यायाला वरचढ डावपेच किंवा डॉमिनंट स्ट्रॅटेजी म्हणतात. दोन्ही तुलनांत तो काटेकोरपणे जास्त देत असेल तर तो कडक वरचढ असतो, आणि एखाद्या तुलनेत बरोबरी होऊन उरलेल्या तुलनेत जास्त देत असेल तर तो सौम्य वरचढ असतो. आपल्या सारणीतला बोअर कडक वरचढ आहे.

तुलनेची दिशा हीच येथे घात करते. ओळीचा मालक वरून खाली तुलना करतो, कारण स्तंभ शेजाऱ्याच्या हातात आहे, आणि स्तंभाचा मालक डावीकडून उजवीकडे. अलीकडच्याचे 300 आणि 150 हे आकडे आपसांत तोलून काहीच निष्पन्न होत नाही, कारण त्या दोहोंतून निवड करणे त्याच्या हाती नाही. ती निवड शेजाऱ्याची आहे.

आणखी एक बारकावा असा की दोन्ही स्तंभांत बोअरचा फायदा नेमका 90 आहे. हा योगायोग नाही. शेजारी काहीही करो, बोअर मारल्याने आपल्याकडे दीड लाखाचे पाणी जास्त येते आणि साठ हजार जातात, असे आपण आकडे उभे करतानाच धरले होते. म्हणून बोअरचा वर्षाचा खर्च दीड लाखांपेक्षा कमी असेल तोवर बोअर वरचढ राहील, आणि तो दीड लाखांच्या वर गेला तर विहीर वरचढ होईल. 2024 पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. अशा पंपावर चालणाऱ्या बोअरच्या खर्चातला विजेचा भाग उरत नाही आणि वरचढपणाची ही दरी तेवढी रुंद होते. धोरण चांगले की वाईट हा वेगळा वाद आहे, सारणीत मात्र त्याचा परिणाम याच दिशेने नोंदवावा लागतो.

समतोल शोधणे

दोघांचाही वरचढ डावपेच असेल तर समतोल शोधायला वेगळे कष्ट पडत नाहीत: दोघे आपापला वरचढ डावपेच खेळतात आणि खेळ बोअर-बोअर या जोडीवर येऊन थांबतो. परंतु ज्या सारण्यांत वरचढ डावपेच नसतो तेथेही चालणारी रीत शिकून ठेवलेली बरी. प्रत्येक स्तंभात अलीकडच्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याखाली रेघ ओढावी, आणि मग प्रत्येक ओळीत पलीकडच्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याखाली रेघ ओढावी. ज्या खान्यात दोन्ही आकड्यांखाली रेघा येतात तो नॅश समतोल. आपल्या सारणीत पहिल्या स्तंभात 390 खाली, दुसऱ्यात 240 खाली, पहिल्या ओळीत 390 खाली आणि दुसऱ्या ओळीत 240 खाली रेघ येते. दोन रेघा एकाच खान्यात पडतात, तो म्हणजे खालचा उजवा.

जॉन नॅश यांनी 1950 साली मांडलेल्या या समतोलाचा अर्थ असा की शेजाऱ्याचा डाव तसाच ठेवून एकट्याने आपला डाव बदलला तर कोणाचाही फायदा होत नाही. बोअर-बोअरमधून अलीकडचा एकटा विहिरीवर परतला तर 240 चे 150 होतात. उलट विहीर-विहीर या खान्यात दोघांना 300 मिळतात, पण तेथे एकट्याने डाव बदलला की 300 चे 390 होतात, म्हणून तो खाना टिकत नाही. उत्तरात समतोल लिहिताना 'बोअर, बोअर' असे लिहावे, '240, 240' असे लिहू नये, कारण समतोल डावपेचांच्या जोडीचा असतो आणि आकडे हे त्याचे फळ असते. सर्वांत मोठी बेरीज असलेला खाना समतोल म्हणून लिहिणे ही दुसरी नेहमीची चूक. येथे 600 बेरजेचा खाना विहीर-विहीर आहे आणि तो समतोल नाही.

पॅरेटोच्या कसोटीने पाहिले तर बोअर-बोअर हा खाना अकार्यक्षम ठरतो, कारण विहीर-विहीर या खान्यात कोणाचेही नुकसान न होता दोघांचेही भले होते. पाणी तेवढेच राहिले, वाटणीही तीच राहिली, फक्त दोघांनी मिळून वर्षाला 1,20,000 रुपये खोदाईत, मोटरीत आणि दुरुस्तीत घातले.

मूळ गोष्टीतली उलटी दिशा

या खेळाची रचना 1950 साली रँड कॉर्पोरेशनमध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी प्रयोगासाठी केली होती, आणि त्याच वर्षी अल्बर्ट टकर यांनी तिला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून प्रत्येकाला सांगितले जाते की तू कबूल केलेस आणि तो गप्प राहिला तर तू सुटशील. पुस्तकागणिक वर्षांचे आकडे बदलतात, पण एक अडचण सगळीकडे सारखीच असते: तुरुंगाची वर्षे जितकी कमी तितके चांगले. बोअरच्या सारणीत मोठा आकडा निवडणारा विद्यार्थी कैद्यांच्या सारणीतही सवयीने मोठाच आकडा निवडतो आणि उत्तर नेमके उलटे येते. म्हणून शिक्षेच्या वर्षांपुढे आधीच उणे चिन्ह लावून घ्यावे. दहा वर्षांचे उणे दहा झाले की मोठा-लहान ठरवण्याची पद्धत दोन्ही सारण्यांत एकच राहते.

एखादी सारणी खरोखर कैद्यांच्या पेचाची आहे का, हे चार आकड्यांच्या क्रमावरून ठरते. आपल्या उदाहरणात पाळणे म्हणजे विहिरीवर थांबणे आणि मोडणे म्हणजे बोअर मारणे. एकट्याने मोडल्याचे फळ सर्वांत मोठे, त्याखाली दोघांनी पाळल्याचे, त्याखाली दोघांनी मोडल्याचे, आणि सर्वांत खाली एकट्याने पाळल्याचे. आपल्याकडे 390, 300, 240, 150 असा क्रम आहे, म्हणून हा पेच खरा आहे. हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळला जाणार असेल तर आणखी एक अट जोडतात: दोघांनी पाळल्याची बेरीज ही एकाने मोडून दुसऱ्याने पाळल्याच्या बेरजेपेक्षा जास्त हवी. येथे 600 विरुद्ध 540 आहे, म्हणून तीही पूर्ण होते. ती पूर्ण झाली नसती तर दोघांनी आळीपाळीने एकमेकांना मोडू देणेच फायद्याचे ठरले असते.

थोडेसे आकडे बदलले आणि पेच राहिलाच नाही

या विषयातला सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग माझ्या मते हाच आहे. शेजाऱ्याशी स्पर्धा आणि दोघांचे नुकसान दिसले की लोक सरसकट 'कैद्यांचा पेच' म्हणून मोकळे होतात, आणि मग उपायही चुकीचा सुचवतात.

आपण उत्पन्न पाण्याच्या प्रमाणात धरले होते. बगिचेवाल्याला हे गृहीतक खटकेल, आणि ते योग्यच आहे. संत्र्याच्या झाडाला गरजेएवढे पाणी मिळाल्यावर आणखी पाणी दिल्याने फळ त्या प्रमाणात वाढत नाही. उलट बुंध्याशी पाणी साचत राहिले तर डिंक्या लागण्याची भीती असते. म्हणून असे समजू की बोअरवाल्याने एकट्याने तीन-चतुर्थांश पाणी ओढले तरी त्याचे उत्पन्न 300 वरून फक्त 340 पर्यंत जाते, आणि 60 वजा जाऊन हाती 280 उरतात. शेजाऱ्याचे नुकसान मात्र कमी होत नाही, कारण त्याची झाडे खऱ्या तहानेची आहेत. बाकीचे आकडे तेच.

| अलीकडचा ↓ / पलीकडचा → | विहीर | बोअर |
|---|---|---|
| विहीर | 300, 300 | 150, 280 |
| बोअर | 280, 150 | 240, 240 |

आता रेघा ओढून पाहा. पहिल्या स्तंभात अलीकडच्यासाठी 300 मोठे, दुसऱ्या स्तंभात 240 मोठे. शेजारी विहिरीवर असेल तर विहीर चांगली, शेजारी बोअरवर असेल तर बोअर चांगला. वरचढ डावपेच कोणाचाच नाही, आणि दुहेरी रेघांचे खाने दोन आहेत: विहीर-विहीर आणि बोअर-बोअर. म्हणजे नॅश समतोल दोन. अशा सारणीला विश्वासाचा खेळ म्हणता येईल. येथे बोअर मारणाऱ्याला शेजाऱ्याचे पाणी ओढण्याचा मोह नाही. आपण थांबलो आणि त्याने मारला तर आपण कोरडे पडू, ही त्याला भीती आहे.

किती विश्वास पुरेल हेही काढता येते. शेजारी विहिरीवर थांबेल याची संभाव्यता p मानू. विहिरीवर थांबल्यास अपेक्षित लाभ आणि बोअर मारल्यास अपेक्षित लाभ असे होतात:

```
विहीर = 300p + 150(1 - p)
बोअर  = 280p + 240(1 - p)
समान असताना: 20p = 90(1 - p)
p = 90/110 = 9/11
```

शेजारी थांबेल अशी खात्री 9/11 पेक्षा, म्हणजे सुमारे 82 टक्क्यांपेक्षा जास्त वाटत असेल तर थांबणे शहाणपणाचे, आणि त्याहून कमी वाटत असेल तर बोअर. ही अट बरीच कडक आहे, म्हणून विश्वास थोडा डळमळला तरी गाव बोअरकडे सरकते.

दोन्ही सारण्यांतला फरक बोलण्याच्या किमतीत दिसतो. धुऱ्यावर उभे राहून एक जण म्हणतो, "भाऊ, तू नाई मारला त मी बी नाई मारत." दुसऱ्या सारणीत हे वाक्य कामाचे आहे, कारण समोरच्याने ते खरे मानले तर शब्द पाळण्यातच दोघांचा फायदा आहे. पहिल्या सारणीत त्याच वाक्याचा काहीही उपयोग नाही, कारण समोरच्याने शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला तरी त्याला 300 सोडून 390 घेण्याचाच मोह होतो. उलट विश्वास जितका जास्त तितकी बोअरवाल्याची सोय. ग्रामसभेत एकमत झाले तरी काही गावांत ते टिकते आणि काही गावांत पहिल्याच उन्हाळ्यात मोडते, यामागे माणसांच्या स्वभावापेक्षा सारणीतले आकडे वेगळे असण्याची शक्यता आधी तपासावी.

खरा पेच असेल तर काय बदलावे लागते

पहिल्या सारणीत बोअरचा फायदा दोन्ही स्तंभांत 90 होता. म्हणून बोअरवर वर्षाला 90,000 रुपयांपेक्षा जास्त भार टाकला, मग तो दंड असो वा उपकर, तर दोन्ही तुलना उलटतात. एक लाखाचा भार टाकून पाहा: एकट्या बोअरवाल्याचे 390 वरून 290 होतात, जे 300 पेक्षा कमी आहेत, आणि दोघे बोअरवर असतील तर 240 चे 140 होतात, जे 150 पेक्षा कमी आहेत. विहीर वरचढ होते आणि समतोल विहीर-विहीरवर येतो. विशेष म्हणजे त्या समतोलात भार कोणालाच भरावा लागत नाही.

भार हा पकडले जाण्याच्या शक्यतेने गुणावा लागतो, हे मात्र विसरू नये. दोनातला एकच बोअर पकडला जात असेल तर दंड 1,80,000 रुपयांपेक्षा जास्त हवा, आणि पाचातला एक पकडला जात असेल तर 4,50,000 च्या वर. 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम साठ मीटर किंवा त्याहून जास्त खोल विहिरीला खोल विहीर मानतो आणि शेती व उद्योगासाठी अशा नव्या विहिरींवर बंधन घालतो. आपला पाचशे फुटांचा बोअर सुमारे 150 मीटरचा असल्यामुळे या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो. सारणीच्या भाषेत बंधनाचे वजन कागदावरच्या तरतुदीइतके नसून ती लागू होण्याच्या शक्यतेइतके असते. रिगचा आवाज मैलभर जातो, तेव्हा शेजाऱ्याला ते कळतेच. प्रश्न कळल्यानंतर तो कोणाकडे आणि किती खर्चात तक्रार करू शकतो, एवढाच उरतो. सामायिक साधने सांभाळणाऱ्या गावांवरील कामासाठी 2009 चे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपसांतल्या देखरेखीवर आणि टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या शिक्षेवर भर दिला, तो याच ठिकाणी लागू पडतो.

खेळ दरवर्षी खेळला गेला तर

शेजारी बदलत नाही, धुराही बदलत नाही, त्यामुळे एकाच वर्षाची सारणी पाहणे अपुरे वाटेल. समजा बोअर भाड्याने घेता येतो, म्हणजे दरवर्षी 60,000 देऊन वापरायचा किंवा न वापरायचा, आणि दोघांनी ठरवले की कोणी एकदा मोडले की पुढे दोघेही कायम बोअरच वापरणार. मोडणाऱ्याला यंदा 90 जास्त मिळतात, आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी 300 ऐवजी 240, म्हणजे 60 कमी मिळतात. पुढच्या वर्षाच्या एका रुपयाची आजची किंमत d मानली, आणि तीत व्याज तसेच खेळ पुढे चालू राहण्याची शक्यता हे दोन्ही धरले, तर करार टिकण्याची अट अशी निघते:

```
60 × d / (1 - d) ≥ 90
d ≥ 90/150 = 0.6
```

पुढच्या वर्षाचा रुपया ज्याला आज साठ पैशांहून कमी मोलाचा वाटतो तो माणूस करार मोडेल. सावकाराचे व्याज डोक्यावर असलेला, किंवा पुढच्या वर्षी जमीन विकायच्या विचारात असलेला शेतकरी नेमका या गटात मोडतो. आणि खेळ अमुक वर्षी संपणार हे दोघांना नक्की माहीत असेल तर शेवटच्या वर्षी दोघे मोडतात, म्हणून त्याआधीच्या वर्षी पाळण्याचे कारण उरत नाही, आणि असे मागे मागे येत करार पहिल्याच वर्षी कोसळतो.

परंतु बोअर भाड्याचा नसतो, आणि गणित येथे बगिचेवाल्याच्या विरुद्ध जाते. एकदा मारलेल्या बोअरचे 2,40,000 रुपये परत येत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षीचा निर्णय घेताना ते मोजायचे नसतात. मोजायचे फक्त चालू खर्चाचे 20. दोघांनीही बोअर मारून झाले आहेत आणि आता मोटर बंद ठेवण्याचा करार करायचा आहे असे समजू. दोघांनी बंद ठेवल्या तर प्रत्येकी 300, एकट्याने चालवली तर 430, दोघांनी चालवल्या तर 280, आणि एकट्याने बंद ठेवली तर 150. क्रम तोच असल्याने पेच तोच आहे, पण मोडण्याचा तात्काळ फायदा आता 130 आहे आणि पुढची वार्षिक शिक्षा फक्त 20. वरच्याच सूत्राने d किमान 130/150, म्हणजे सुमारे 0.87 हवा. बोअर मारण्याआधी साठ पैशांवर टिकणारा करार बोअर मारल्यानंतर सत्त्याऐंशी पैशांशिवाय टिकत नाही. म्हणून अशा गावात वाटाघाटी करायच्या असतील तर त्या रिग शेतात लागण्याआधी व्हाव्या लागतात, आणि परीक्षेत 'बुडीत खर्च सारणीत घ्यावा का' असे विचारले तर उत्तर निर्णय कोणत्या क्षणी घेतला जात आहे यावर अवलंबून राहते: खोदाईआधीच्या सारणीत तो येतो, नंतरच्या सारणीत येत नाही.